ग्रिडच्या नऊ चौकोनांचं करायचं काय? फोनवर फोटोची मांडणी, बीबी का मकबऱ्यासमोर उभं राहून

फोनच्या कॅमेऱ्यात ग्रिड चालू केलं की पडद्यावर दोन उभ्या आणि दोन आडव्या रेषा येतात आणि दृश्याचे नऊ चौकोन होतात. आयफोनवर ते Settings मध्ये Camera खाली Grid या नावाने सापडतं, बहुतेक अँड्रॉइड फोनवर कॅमेऱ्याच्याच सेटिंगमध्ये Grid lines म्हणून असतं. रेषा कशासाठी आहेत हे फोन सांगत नाही. रील्समध्ये सांगतात की विषय रेषेवर ठेवा, रस्ता दिसला की त्याच्या मधोमध उभे राहा, कमान दिसली की तिच्यातून फोटो घ्या. लोक तसं करतातही, आणि तरी मिनार मागे झुकलेले येतात, समोर भव्य वाटलेली वास्तू फोटोत काडेपेटीएवढी होते, माणसाच्या मानेतून क्षितिज जातं.

याचं कारण सल्ला चुकीचा आहे असं नाही. तो अर्धाच सांगितला जातो. रांगोळीचे ठिपके जसे नक्षी काढून देत नाहीत, तशा ग्रिडच्या रेषाही मांडणी करून देत नाहीत, त्या फक्त मापाला असतात. मांडणी ठरते ती दोन गोष्टींवर: तुम्ही कुठे उभे आहात आणि फोन जमिनीपासून किती उंच धरला आहे. हे एकदा कळलं की तृतीयांश, नेणाऱ्या रेषा आणि चौकटीतली चौकट हे तिन्ही प्रकार एकाच हिशेबात बसतात.

हा हिशेब समजून घ्यायला छत्रपती संभाजीनगरच्या बीबी का मकबऱ्याइतकी सोयीची जागा क्वचितच मिळेल. औरंगजेबाचा मुलगा आझमशाह याने आपली आई दिलरस बानू बेगम हिच्या स्मरणार्थ सतराव्या शतकात तो बांधला. प्रवेशद्वारावरच्या लेखात स्थपती अताउल्ला आणि अभियंता हंसपत राय यांची नावं आहेत. आवार उत्तर-दक्षिण साधारण ४५८ मीटर लांब आणि पूर्व-पश्चिम साधारण २७५ मीटर रुंद. दार दक्षिणेला, मकबरा आवाराच्या मध्यावर, आणि दोघांच्या मधून सरळ रेषेत गेलेला कारंज्यांचा जलमार्ग. म्हणजे दारात उभं राहिलं की कमान, रेषा आणि विषय तिन्ही एकाच ओळीत असतात. बांधणाऱ्यांनीच पाहणाऱ्याची जागा ठरवून ठेवली आहे.

भव्य वास्तू फोटोत एवढीशी का होते?

दारापासून मकबरा साधारण दोनशे मीटर लांब आहे. त्याचे मिनार ७२ फूट, म्हणजे सुमारे २२ मीटर उंच, खाली चौथरा वेगळा. फोनची नेहमीची, पडद्यावर 1x लिहिलेली लेन्स बरीच रुंद पाहते. फोन उभा धरला तर ती वर साधारण ३६ अंश आणि खाली तेवढंच टिपते. एवढ्या मोठ्या पसाऱ्यात दोनशे मीटरवरचा मकबरा फोटोच्या उंचीचा जेमतेम दहावा भाग व्यापतो. डोळ्यांना तो मोठा वाटतो कारण आपण बघताना फक्त त्याच्याकडे बघतो, आजूबाजूचं मन गाळून टाकतं. फोन काहीच गाळत नाही.

म्हणून पहिला निर्णय ग्रिडचा नसून झूमचा असतो. 2x केलं की मकबरा फोटोच्या उंचीचा जवळपास पाचवा भाग होतो. फोनला वेगळी दूरची लेन्स नसेल तर 2x म्हणजे मधला भाग कापून मोठा करणं. ज्या फोनचा मुख्य सेन्सर ४८ किंवा ५० मेगापिक्सेलचा आहे तिथे कापूनही १२ मेगापिक्सेल उरतात, फोटो चांगला राहतो. जुन्या १२ मेगापिक्सेलच्या फोनवर खरे तीनच उरतात. मोबाइलच्या पडद्यावर पाहायला ते चालतात, मोठं छापायचं असेल तर त्यापेक्षा चालत पुढे जा. 0.5x या अतिरुंद लेन्सचा मोह मात्र इथे टाळा. तिच्यात मकबरा आणखी निम्मा होतो आणि कडेला उभी असलेली माणसं ताणल्यासारखी दिसतात.

तृतीयांश म्हणजे काय, आणि तो जमत का नाही?

तृतीयांशाचा नियम सांगतो की फोटोची उंची किंवा रुंदी तीन भागांत विभागा आणि महत्त्वाची गोष्ट एक भाग आणि दोन भाग यांच्या सीमेवर ठेवा. क्षितिज अगदी मध्यावर असलं की आकाश आणि जमीन समसमान होतात आणि फोटो कशाबद्दल आहे ते नजरेला कळत नाही. एकाला दोन हिस्से आणि दुसऱ्याला एक दिला की ते लगेच कळतं. त्यापलीकडे यात काही गूढ नाही. इंग्लंडमधला चित्रकार जॉन थॉमस स्मिथ याने १७९७ साली या नावाने तो पहिल्यांदा मांडला तेव्हाही त्याचा मुद्दा समान वाटणी टाळण्याचाच होता. काही जण याला सुवर्ण गुणोत्तराशी जोडतात, पण ते प्रमाण साधारण ०.३८ आणि ०.६२ असं येतं, तृतीयांश ०.३३ आणि ०.६७. दोन्ही एक नव्हेत.

आता गोची कुठे होते ते पाहा. मकबऱ्यासमोर फोन अगदी उभा, भिंतीसारखा सरळ धरला तर क्षितिज नेहमी फोटोच्या बरोबर मध्यावरच येतं. हे भूमितीचं बंधन आहे, फोन कोणताही असो, झूम कितीही असो. क्षितिज खालच्या रेषेवर आणायचं म्हणून नवखा माणूस फोनचा वरचा भाग स्वतःकडे झुकवतो, म्हणजे लेन्स आकाशाकडे वळवतो. क्षितिज खाली जातं खरं, पण त्याच क्षणी मिनार वरच्या बाजूला एकमेकांकडे झुकू लागतात आणि मकबरा पाठीमागे कलंडल्यासारखा दिसतो. झाडं किंवा डोंगर असतील तर हे कुणाच्या लक्षात येत नाही. चार मिनारांच्या वास्तूत ते लपतच नाही.

उपाय सोपा आहे. फोन सरळ धरूनच फोटो घ्या आणि तृतीयांश नंतर कापून मिळवा. बहुतेक फोन १२ मेगापिक्सेलचा फोटो साधारण ३००० गुणिले ४००० बिंदूंचा देतात. उभ्या फोटोत क्षितिज मध्यावर, म्हणजे खालून २००० व्या बिंदूवर आहे. खालचा पाव भाग, म्हणजे १००० बिंदू कापून टाका. उरला ३००० गुणिले ३००० चा चौरस आणि त्यात क्षितिज खालून १००० वर, म्हणजे नेमकं खालच्या तृतीयांशावर. मिनार सरळ राहिले, आकाशाला दोन हिस्से मिळाले. 2x वर घेतलेल्या फोटोत मकबरा आता चौरसाच्या उंचीचा जवळपास चौथा भाग झालेला असतो. ढगांनी भरलेलं आकाश असेल तर हा फोटो छान होतो. कोरं निळं असेल तर दोन हिस्से आकाशाला देण्यात अर्थ नाही, त्याचा पर्याय पुढच्या भागात येतो.

फोन सरळ आहे हे ओळखायचं कसं? ग्रिडचा खरा उपयोग इथेच होतो. मिनाराची कड ग्रिडच्या उभ्या रेषेशेजारी आणा आणि दोन्ही समांतर आहेत का पाहा. वर जाताना मिनार मधल्या बाजूला कलत असेल तर फोन मागे झुकलेला आहे, बाहेर कलत असेल तर पुढे. आयफोनमध्ये iOS 17 पासून Level नावाची सोय आहे, पण ती दाखवते ते डावी-उजवी कलंडणं. पुढे-मागे झुकणं मिनारावरूनच तपासावं लागतं.

नेणाऱ्या रेषा: त्या कुठून सुरू होतात हे महत्त्वाचं

ज्या रेषा नजरेला धरून विषयापर्यंत पोचवतात त्या नेणाऱ्या रेषा. रस्त्याचे काठ, घाटाच्या पायऱ्या, रेल्वेचे रूळ, कुंपण, भिंतीची सावली, काहीही चालतं. इथे जलमार्गाचे दोन काठ आणि बाजूच्या फरसबंद वाटा आहेत. त्या मकबऱ्याच्या पायथ्याशी एकत्र येताना दिसतात आणि नजर आपोआप तिकडे जाते.

मात्र रेषा कुठे पोचते याइतकंच ती कुठून निघते हेही पाहावं लागतं. फोटोच्या खालच्या कडेच्या मधूनच कुठूनतरी उगवलेली रेषा अर्धवट वाटते. बाजूच्या कडेतून आत शिरलेली रेषा फोटोचा खालचा भाग पसरट आणि रिकामा करते. दोन्ही काठ खालच्या दोन कोपऱ्यांतून निघाले की फोटो भरीव होतो, नजरेला दुसरीकडे जायला वाट उरत नाही.

आणि हे कोपरे साधतात ते फोनच्या उंचीने. समजा दोन मीटर रुंदीची वाट आहे आणि तुम्ही तिच्या मधोमध आहात. फोन उभा आणि सरळ धरला असेल तर तो जमिनीपासून साधारण १.३ मीटरवर, म्हणजे छातीशी असताना दोन्ही काठ कोपऱ्यांतून निघतात. तोच फोन आडवा धरला तर पाऊण मीटरवर, मांडीपर्यंत उतरावं लागतं. वाट एक मीटरचीच असेल तर दोन्ही उंची निम्म्या करा. वाट दुप्पट रुंद असेल तर दुप्पट, म्हणजे उभ्या फोटोसाठी अडीच मीटरहून जास्त, तिथे हात वर करूनही पोचणार नाही, तेव्हा फोन आडवाच धरावा लागेल. गंमत अशी की झूम बदलला तरी हा हिशेब बदलत नाही. तो फक्त वाटेची रुंदी आणि फोनची उंची यांचा आहे.

जागेवर टेप घेऊन कुणी जात नाही, आणि गरजही नाही. फोन सरळ धरून डोळ्यांपासून गुडघ्यापर्यंत सावकाश खाली आणा आणि पडद्याकडे पाहत राहा. काठ खालच्या कडेवरून सरकत सरकत कोपऱ्यात येतील, तिथे थांबा. बहुतेक लोक सगळे फोटो डोळ्यांच्या उंचीवरून घेतात, त्यामुळे अरुंद वाटांच्या रेषा त्यांच्या फोटोत मध्येच उगवतात. अर्धा मीटर खाली येण्याने हा दोष जातो.

दुसरी चूक मध्यरेषेची. मकबऱ्याच्या दालनाचा मध्य आणि कारंज्यांची रांग एकाच उभ्या ओळीत दिसायला हवी. रांग दालनाच्या डावीकडे सरकलेली दिसत असेल तर तुम्ही मध्यरेषेच्या उजवीकडे आहात. अशा वेळी लोक फोन डावी-उजवीकडे वळवून मकबरा मध्यावर आणतात. त्याने मकबरा मध्यावर येतो, रेषा वाकड्याच राहतात. फोन वळवू नका, पाऊलभर डावीकडे सरका. वीतभर सरकण्यानेही रांग आणि दालन जुळतात, आणि एकदा जुळले की तो फरक फोटोत स्पष्ट कळतो.

आता आकाश कोरं असतानाचा पर्याय. रेषांचा फोटो असेल तर कापायचं वरून. वरचा पाव भाग काढा, की क्षितिज वरच्या तृतीयांशावर येतं आणि दोन हिस्से जलमार्गाला मिळतात. खालचे कोपरे तसेच राहतात, म्हणून जुळवलेल्या रेषा बिघडत नाहीत. खालून कापलं असतं तर काठ कोपऱ्यातून सुटले असते. म्हणजे एकाच जागेवरून, एकाच सरळ धरलेल्या फोनने घेतलेल्या फोटोतून दोन वेगळे फोटो निघतात: खालचं कापलं तर आकाशाचा, वरचं कापलं तर पाण्याच्या वाटेचा. कोणता हवा ते ढग बघून ठरवा. जलमार्ग कोरडा असेल तर रेषा असूनही हा दुसरा फोटो रुक्ष दिसतो, तेव्हा बाजूच्या वाटेवर जाऊन झाडांच्या रांगेची रेषा धरणं बरं.

चौकटीतली चौकट: कमानीतून फोटो घेताना

प्रवेशद्वाराच्या कमानीतून मकबरा पाहिला की गडद कमान चारी बाजूंनी चौकट होते आणि उजळ मकबरा तिच्यात बसतो. नजर आधी उजेडाकडे जाते, म्हणून ही युक्ती चालते. शिवाय कोरं आकाश किंवा बाजूची गर्दी कमानीमागे झाकली जाते.

इथे बहुतेकांचा घोटाळा होतो तो अंतराचा. कमान तुमच्याजवळ आहे आणि मकबरा दोनशे मीटरवर. समजा कमानीचा मोकळा भाग चार मीटर रुंद आहे. तुम्ही चार मीटर मागे उभे राहून 1x वर उभा फोटो घेतला तर कमान फोटोची जवळपास सगळी रुंदी व्यापते, आणि तिच्या आत मकबरा इवलासा दिसतो. आता आणखी चार मीटर मागे जा. अंतर दुप्पट झाल्यामुळे कमान निम्मी झाली, पण मकबऱ्याचं अंतर दोनशेचं फक्त दोनशे चार झालं, म्हणून तो होता तेवढाच राहिला. या जागेवरून 2x करा. कमान पुन्हा फोटोभर होते आणि मकबरा आधीच्या दुप्पट मोठा दिसतो. कमान तीच, वास्तू तीच, पण एकीचं दुसरीशी असलेलं माप तुम्ही पायांनी बदललं. मागे सरकणं आणि झूम करणं या जोडीशिवाय कमानीतला मकबरा मोठा करता येत नाही. नुसता झूम केला तर कमान फोटोबाहेर जाते.

मागे किती जायचं याला मर्यादा आहे. घुमटाच्या टोकावरचा कळस आणि कमानीची आतली कड यांच्यामध्ये आकाशाची स्वच्छ फट राहायला हवी. कळस कमानीला टेकला की दोन्ही चिकटून एकच आकार वाटतात. बाजूच्या मिनारांचंही तसंच. एक मिनार कमानीआड अर्धा जात असेल तर एक तर दोन्ही मिनार पूर्ण दिसतील इतकं पुढे जा, किंवा दोन्ही पूर्ण झाकले जाऊन फक्त घुमट उरेल इतकं मागे जा. अर्धवट कापलेला मिनार चूक झाल्यासारखा दिसतो.

उजेडाची बाजूही सांभाळावी लागते. कमानीचा आतला भाग अंधारा आणि बाहेर ऊन. फोन दोघांचा मधला उजेड धरतो, मग मकबरा पांढराफटक होतो आणि कमान करडी. पडद्यावर मकबऱ्यावर बोट टेकवून दोन सेकंद दाबून धरा. आयफोनवर AE/AF LOCK असं दिसतं, अँड्रॉइडवर कुलपाची किंवा तशीच खूण येते. मग शेजारचं सूर्याचं चिन्ह खाली ओढा, घुमटावरची कोरीव नक्षी दिसू लागेपर्यंत. कमान काळी झाली तर होऊ द्या. चौकटीचं काम गडद राहण्याचंच आहे. नवे फोन सावलीतले तपशील आपोआप उजळ करतात आणि त्यामुळे कमानीच्या भिंतीवरचे डाग, वायरी, फलक सगळं समोर येतं. नंतर एडिटमध्ये Shadows हा सरकणारा बिंदू थोडा डावीकडे नेला की ते पुन्हा मागे जातं.

माणसं कुठे उभी करायची?

घरच्यांचा फोटो घेताना सहसा सांगितलं जातं, "जा, तिकडे मकबऱ्याजवळ उभे राहा." ते जातात आणि मुंगीएवढे होतात. फोटो काढणारा मग पुढे जातो, तर मकबरा वरून कापला जातो. माणसाला वास्तूजवळ पाठवू नका, स्वतःजवळ बोलवा. माणूस तुमच्यापासून अडीच-तीन मीटरवर आणि मकबरा मागे दूर, असं असलं की दोघेही नीट दिसतात.

तृतीयांशाची उभी रेषा इथे कामाला येते. माणसाला डाव्या उभ्या रेषेवर ठेवा आणि मकबरा उजव्या. दोघेही मध्यावर आले तर माणूस वास्तूला झाकतो आणि घुमट त्याच्या डोक्यावर टोपीसारखा बसतो. माणूस डावीकडे असेल तर त्याने पाहावं ते उजवीकडे, म्हणजे रिकाम्या बाजूला किंवा कॅमेऱ्याकडे. कडेकडे तोंड करून उभा असलेला माणूस फोटोतून बाहेर निघाल्यासारखा दिसतो.

क्षितिजाचा एक नियम इथे नक्की लक्षात ठेवावा. फोन सरळ धरला असेल तर सपाट जमिनीवर उभ्या असलेल्या प्रत्येक माणसाला क्षितिज तुमच्या फोनच्या उंचीवर छेदतं. फोन दीड मीटरवर असेल तर साधारण उंचीच्या मोठ्या माणसाच्या मानेतून क्षितिज जाईल, आणि दूरच्या भिंतीची किंवा झाडांच्या ओळीची कड गळ्यावर आडवी बसेल. फोन १.१ ते १.२ मीटरवर, म्हणजे पोट आणि छाती यांच्यामध्ये आणला की ती रेषा छातीखाली जाते आणि चेहऱ्यामागे मोकळं आकाश येतं. लहान मुलांसाठी याच कारणाने गुडघ्यावर बसावं लागतं. उभ्याने घेतलेल्या फोटोत मुलांच्या मागे फक्त फरशी येते.

डोक्यातून मिनार उगवलेला दिसला तर माणसाला हलवू नका, तुम्हीच एक पाऊल बाजूला सरका. माणूस जवळ असल्यामुळे तुमच्या एका पावलाने त्याच्यामागची पार्श्वभूमी कितीतरी सरकते.

मग विषय मध्यावर ठेवणं चूक आहे का?

नाही. मकबऱ्यासारखी डावी-उजवी अगदी सारखी वास्तू बाजूच्या रेषेवर ढकलली तर एकीकडचे मिनार कापले जातात आणि जलमार्ग तिरका होतो. इथे उभ्या दिशेने तृतीयांश वापरायचा, आडव्या दिशेने मध्यच ठेवायचा. म्हणजे डावे-उजवे भाग समान, पण आकाश आणि जमीन असमान. बांधणाऱ्यांनी जी समानता दगडात ठेवली ती मोडून फोटोला काही मिळत नाही. तेच शेतातलं एकटं झाड, समुद्रावरची होडी किंवा वाटेवरचा माणूस असेल तर तो बाजूच्या रेषेवर शोभतो, कारण त्याच्या दुसऱ्या बाजूला समतोल साधणारं काही नसतं आणि रिकामी जागाच त्याचा एकटेपणा दाखवते.

नंतर कापता येतं, तर जागेवर एवढं करायचं कशाला?

कापण्याने फक्त कडा बदलतात. कळस कमानीला चिकटला असेल, रेषा तिरक्या असतील, मानेतून क्षितिज गेलं असेल तर कितीही कापलं तरी ते तसंच राहतं, कारण हे दोष उभं राहण्याच्या जागेचे आणि उंचीचे आहेत. झुकलेले मिनार सरळ करण्याची सोय एडिटमध्ये असते, पण ती वापरली की फोटोचा वरचा भाग ताणला जातो, घुमट उंचट होतो आणि कडेचे तुकडे कापले जातात. म्हणून जागेवर पाहायच्या गोष्टी तीनच: मिनार सरळ आहेत का, काठ कोपऱ्यांतून निघतात का, आणि वस्तूंच्या मध्ये फट आहे का. तृतीयांश घरी बसून जमतो. त्यासाठी कडेला थोडी जास्त जागा सोडून फोटो घ्या. मोड 4:3 वर ठेवा. 16:9 किंवा Full निवडलं तर फोन आपणच बाजू कापून टाकतो आणि तुमच्याकडे कापायला कमी उरतं.

एवढं करूनही मकबरा मळकट येतो, ते का?

हे बहुतेक वेळा महिन्यामुळे होतं. मकबऱ्याचं दर्शनी अंग दक्षिणेला आहे आणि शहर साधारण १९.९ अंश उत्तर अक्षांशावर. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यापासून सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत सूर्य पूर्वेच्या थोडा उत्तरेला उगवतो, म्हणजे सकाळी लवकर गेलात तर दर्शनी भिंत सावलीत आणि मागचं आकाश उजळ. साधारण २० मे ते २४ जुलै या काळात तर सूर्य दिवसभर उत्तरेकडच्या बाजूलाच राहतो आणि दर्शनी भिंतीवर थेट ऊन पडतच नाही. सुट्टीत जाणाऱ्यांची गर्दी नेमकी यातल्या मे-जूनमध्ये असते.

तेव्हा कमानीचा फोटो सोपा नसतो, कारण चौकट गडद आणि आतली वास्तूही सावलीत. अशा दिवसांत ढगाळ वेळ निवडा, बोट भिंतीवरच टेकवा, आणि वरून कापून आकाश कमी करा. मध्यरेषा सोडून बागेत पूर्व किंवा पश्चिमेकडे गेलात तर बाजूच्या भिंतीवर सकाळी पूर्वेकडून आणि संध्याकाळी पश्चिमेकडून ऊन मिळतं. तिथून मकबरा तिरका दिसतो, दोन बाजू एकदम येतात, आणि तो डाव्या किंवा उजव्या तृतीयांशावर ठेवता येतो. नोव्हेंबर ते जानेवारीत मात्र सूर्य दिवसभर दक्षिणेला असतो. डिसेंबरात भर दुपारीही तो क्षितिजापासून ४७ अंशांच्या आसपासच चढतो, आणि सकाळी आग्नेयेकडून येणारं तिरपं ऊन कोरीव कामात सावल्या भरतं. मध्यरेषेवरचा फोटो घ्यायचा असेल तर याच महिन्यांत, दार उघडताच जा. त्या वेळी जलमार्गाच्या टोकाशी उभं राहून फोन खालीवर करायला पुरेसा मोकळा वेळही मिळतो.